मदत हवी आहे: छळ सिद्ध झाल्यावर द्यायच्या निलंबनपत्रात कारणे कशी लिहावीत?

पर्यवेक्षिका_८वी: आठवीतल्या एका विद्यार्थ्याने वर्गमित्राला सतत त्रास दिल्याचे चौकशीत सिद्ध झाले आहे. पाच दिवसांचे निलंबन ठरले आहे. मसुद्यातला कारणांचा परिच्छेद असा आहे:

"आपला पाल्य गुंड प्रवृत्तीचा असून तो बोलताना अडखळणाऱ्या एका मुलाला वारंवार त्रास देतो, तसेच पैसे हिसकावतो असे समजते. सबब त्यास निलंबित करण्यात येत आहे."

मुख्याध्यापकांना हे मोघम वाटते. नेमके काय बदलू? आणि मदतीच्या पावलांचा भाग पत्रात घ्यायचा की वेगळा द्यायचा?

जुना_खडू: सौम्य लिहू नका. आतापर्यंतच्या सगळ्या तक्रारी त्यात घाला, म्हणजे पालकांना वाद घालायला जागाच उरणार नाही. आणि पत्र पालकांच्या नावे काढा, मुलाच्या नाही.

चौकशी_समिती: पालकांच्या नावे काढा, हे बरोबर. सगळ्या तक्रारी घाला, हे मात्र उलटेल. एक तक्रार जरी ऐकीव निघाली तरी पालक तीच धरून बसतात आणि बाकीच्या पक्क्या गोष्टींवरही शंका घेतली जाते. मसुद्यात "असे समजते" हे शब्द आलेत, तिथेच कळते की पैशांची गोष्ट सिद्ध झालेली नाही. ती काढा.

"गुंड प्रवृत्तीचा" हेही काढा. प्रवृत्ती कुणी सिद्ध केलेली नाही, कृती सिद्ध झाली आहे. प्रत्येक कृतीची तारीख, ठिकाण, काय केले आणि ते कशावरून ठरले, एवढे एकेका वाक्यात येऊ द्या.

सगळ्यात मोठी चूक "बोलताना अडखळणाऱ्या" या शब्दांत आहे. नाव नसले तरी वर्गात असा मुलगा एकच असेल. पत्राचा फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला की त्या मुलाची पुन्हा चर्चा. "एका सहाध्यायीची नक्कल" इतके पुरे, तपशील चौकशीच्या फाइलीत राहू द्या.

असे लिहून पाहा, तारखा तुमच्या घाला:

"दि. __ रोजी मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर त्याने एका सहाध्यायीची इतरांसमोर नक्कल केली. दोन साक्षीदारांनी स्वतंत्रपणे तेच सांगितले. दि. __ रोजी त्याने त्याच सहाध्यायीबद्दल वर्गाच्या ग्रुपवर चार अपमानकारक संदेश टाकले. त्यांचे स्क्रीनशॉट आपल्याला दाखवले असून ते संदेश स्वतःच पाठवल्याचे त्याने मान्य केले. तोंडी समज दिल्यानंतरही दि. __ रोजी त्याने त्याच सहाध्यायीला जिन्यावर ढकलले. शाळेच्या आचारसंहितेतील कलम __ चा हा भंग आहे."

समज दिल्याचा उल्लेख गाळू नका. थेट निलंबन का, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर त्या अर्ध्या वाक्यात आहे. निलंबन कुठल्या दिवसापासून, परत यायची तारीख कोणती, आणि निर्णयाविरुद्ध कोणाकडे, किती दिवसांत दाद मागता येईल, हेही त्याच पानावर हवे.

आई_दोघांची: आमच्या मुलीला त्रास देणाऱ्या मुलाला शाळेने फक्त माफीनामा लिहायला लावला. तक्रार नेमकी कुठे करायची?

पर्यवेक्षिका_८वी: ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी नवीन धागा काढाल का? इथे पत्राबद्दलच बोलू या.

समुपदेशन_कक्ष: मदतीची पावले याच पत्रात घ्या. वेगळा कागद घरी ड्रॉवरमध्ये जातो. पण "समुपदेशन केले जाईल" हे पाऊल नव्हे. कोण, कधी, किती वेळा ते लिहा: निलंबनाच्या काळात वर्गशिक्षक रोजचा अभ्यास पाठवतील, परतण्याच्या आदल्या दिवशी पालक व मुलासोबत अर्ध्या तासाची बैठक, त्यानंतर सहा आठवडे दर आठवड्याला एकदा समुपदेशकाची भेट, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला आढावा. त्या पाच दिवसांत चाचणी येत असेल तर ती नंतर कधी घेणार, तेही आधीच लिहून टाका. नाहीतर शिक्षा गुणांवर जाते आणि भांडण भलतीकडेच सुरू होते.

बाक किंवा बस बदलायची झाली तर त्रास देणाऱ्याची बदला. आणि दोघांना समोरासमोर बसवून माफी मागायला लावायचे कलम घालू नका. ज्याला त्रास झाला तो त्या खोलीत नकार देऊ शकत नाही.

जुना_खडू: माफीच नाही तर मुलाला चूक कळणार कशी? लेखी माफीची अट तरी असावी.

समुपदेशन_कक्ष: लेखी चालेल, पण परत घेण्याची अट म्हणून नको. अट घातली की पालकच मजकूर सांगतात. आणि ते पत्र त्या मुलाला हवे आहे का, हे आधी त्याला एकट्याला विचारा.

चौकशी_समिती: इथे माझे मत थोडे वेगळे आहे. आपण काय केले ते मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावे, ही अट मी ठेवतो. तो कागद मात्र फाइलीत राहतो, त्या मुलाला दिला जात नाही.

पर्यवेक्षिका_८वी: पैशांचे वाक्य आणि "प्रवृत्ती" दोन्ही काढले, चाचणीची तारीख घातली. एक अडलेय: ग्रुपवर त्या संदेशांवर हसण्याचे इमोजी टाकणारे आणखी सहाजण आहेत. त्यांना लेखी पत्र द्यायचे, की पालकांना बोलावून तोंडी समज पुरे?