चर्चा: ‘मोजक्या स्वस्त सीटा’ ही भाकडकथा आहे का?

सातरस्ता_४१३
विमान कंपन्या सरळ सरळ लुटालेत. पुणे-दिल्ली ४,३५० ला दिसलं. आम्ही चौघं म्हणून चार टाकलं, तर प्रत्येकी ५,४८०! मिसेसच्या मोबाईलवर लगेच बघितलं, तिथं परत ४,३५०. म्हणजे साईट माणूस बघून दर लावते. ‘स्वस्तातल्या सीटा संपल्या’ ही भाकडकथा आहे, पोरांना सांगा.

चाटीगल्ली
दर महिन्याला कोणीतरी हेच लिहितं, आणि खाली पन्नास जण ‘कुकीज डिलीट करा’ म्हणतात. आज नीट लिहितो, एकदाचं.

मिसेसच्या मोबाईलवर किती प्रवासी टाकले होते? एक. पूर्ण फरक तिथं आहे, मोबाईलमध्ये नाही. विमानातल्या सीटा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकतात, त्या गटाला बकेट म्हणतात. सगळ्यात स्वस्त बकेटमध्ये त्या क्षणी चारपेक्षा कमी सीटा होत्या. एका बुकिंगमधल्या सगळ्यांना सिस्टीम सहसा एकाच बकेटमधून देते. चौघांना पुरेल अशी सगळ्यात खालची बकेट कोणती, हे ती बघते, आणि चौघांनाही तोच दर लावते. तीन सीटा ४,३५० ला शिल्लक असल्या तरी एक कमी पडली म्हणून चौघं वर चढतात. कोणी तुमचा चेहरा बघत नाही.

तपासायला पैसे लागत नाहीत. तीच तारीख, तेच विमान, प्रवासी चार टाका, मग तीन, मग दोन. माणशी दर ज्या आकड्याला खाली येतो, तेवढ्या सीटा स्वस्तातल्या उरल्यात. तीनवर उतरला तर तीन एकत्र आणि एक वेगळं घ्या. १३,०५० अधिक ५,४८० म्हणजे १८,५३०. चार एकदम घेतली तर २१,९२०. भाकडकथेत ३,३९० रुपये वाचतात.

कडक_भाकरी
चाटीगल्ली बरोबर आहेत. सोपं आहे ओ, दहा दहा सीटांचे डबे असतात. पहिला डबा संपला की दुसरा उघडायचा. एकदा संपला की संपला, म्हणून लवकर काढणाऱ्याला स्वस्त आणि शेवटी येणाऱ्याला महाग. नेहमीच.

नवी_पेठ_तिकीटवाला
भाकरीसाहेब, अर्धं बरोबर. डबे वेगळे नसतात, एकात एक असतात. आमच्या स्क्रीनवर असं दिसतं:

```
AN15NOVPNQDEL
Y9 B9 M9 H7 K6 L2 Q0
```

(उदाहरण म्हणून लिहिलंय, आजचं नाही. विमानाचा नंबर-वेळ गाळली आहे.) वरची ओळ म्हणजे १५ नोव्हेंबरचं पुणे-दिल्ली मागितलं. खाली अक्षर म्हणजे बकेट, पुढचा आकडा म्हणजे त्या दरात आत्ता किती विकायला परवानगी आहे. Q बंद आहे. L मध्ये २ आहेत. K मध्ये ६ म्हणजे L च्या दोन धरून सहा, वेगळ्या सहा नव्हेत. L च्या दोन गेल्या की K सुद्धा ४ वर येतो. आणि ९ म्हणजे नऊच असं नाही, नऊ किंवा त्याहून जास्त. स्क्रीन त्याच्या वर मोजत नाही. म्हणून हे सगळे आकडे बेरीज करून ‘विमानात एवढ्या सीटा रिकाम्या’ म्हणणारे सपशेल चुकतात. अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी, एकीचा K दुसरीच्या K बरोबर लावू नका.

‘संपला की संपला’ हेही नाही. कोणी तिकीट रद्द केलं, कोणी एजंटनं जागा धरून ठेवली आणि मुदतीत पैसे भरले नाहीत, लग्नाच्या वऱ्हाडाचा ग्रुप अर्धाच आला आणि उरलेल्या सीटा परत गेल्या, की खालची बकेट पुन्हा उघडते. कधी रात्री दोन सीटा येतात आणि सकाळी नसतात. उलटंही होतं: सीटा भरपूर असतात, पण त्या दराला ‘प्रवासाच्या २१ दिवस आधी’ची अट असते. विसावा दिवस उजाडला की विमान रिकामं असलं तरी तो दर बंद.

गड्डा_जत्रा
मला वेगळंच बोलायचंय. विमानाचं सोडा, दिवाळीत पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्यांचं काय? आठवड्यापूर्वी ५०० आणि धनत्रयोदशीला १,८००. ती कुठली बकेट?

कडक_भाकरी
ती बकेट नाही, बादली. आणि आपण तिच्यात बुडतो.

होटगीरोड
त्यावर नियम आहे, कोणी वाचत नाही. राज्य सरकारनं २०१८ मध्ये खासगी बसचं कमाल भाडं एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या दीडपट ठरवलं. तक्रार आरटीओकडे करायची, तिकिटाच्या फोटोसह. पण ॲपवरच्या दराचा स्क्रीनशॉट आणि हातात दिलेली पावती जुळत नाही, तिथंच तक्रार मरते.

गड्डा_जत्रा
आरटीओ! सणाला आरटीओतला माणूस पण त्याच बसनं गावाला जातो की.

सातरस्ता_४१३
धागा माझा आहे, बस बंद करा.

गड्डा_जत्रा
बंद कशाला? मुद्दा एकच आहे. रेल्वेनं राजधानी-शताब्दी-दुरांतोला सप्टेंबर २०१६ पासून फ्लेक्सी लावलं. दहा टक्के सीटा गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वर. आधी दीडपटीला थांबायचं, २०१९ पासून १.४ पटीला. आवडो न आवडो, नियम छापला. माणूस बघू शकतो आपण कुठं उभे आहोत. विमानवाले किती सीटा कुठल्या दरात ठेवल्या ते छापत नाहीत. ट्रॅव्हल्सवाले पण नाही. म्हणून मला दोघं एकाच माळेचे मणी वाटतात.

होटगीरोड
दराचे तक्ते विमान कंपन्यांना वेबसाईटवर टाकावे लागतात, रूटनुसार खालपासून वरपर्यंत. त्यात दर असतात. पण त्या दराला किती सीटा, हे नसतं. म्हणजे मेनूकार्ड आहे, भांड्यात किती उरलंय ते नाही. इथं गड्डा बरोबर आहे, मान्य. आणि एकदा सरकारनं हेही करून बघितलंय. मे २०२० मध्ये विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा किमान-कमाल भाडं ठरवलं आणि वर अट घातली की निदान ४० टक्के सीटा मधल्या दराच्या खाली विकायच्या. ऑगस्ट २०२२ अखेर ते काढून टाकलं. सरकारच्या उडान योजनेतल्या विमानांतही साधारण निम्म्या सीटांवर भाड्याची मर्यादा असते. पूर्ण विमानावर नाही! आपल्याकडे लोक ‘उडान आहे ना, मग एवढं कसं?’ म्हणतात, ते उरलेल्या निम्म्यात सापडलेले असतात.

कडक_भाकरी
मग सगळ्या सीटा एकाच दरात विका ना. चादरीच्या दुकानात सकाळी आणि संध्याकाळी वेगळा भाव नसतो.

चाटीगल्ली
चादर उद्या विकता येते. विमान उडालं की रिकामी सीट मेली. सगळा खेळ तिथून सुरू होतो.

आपल्या होटगी रोडवर उतरतं तसं ७० सीटांचं एटीआर धरा, आणि सोयीसाठी दोनच दर: २,२०० आणि ६,०००. स्वस्तवाला महिनाभर आधी येतो. ६,००० देणारा, म्हणजे डॉक्टरकडे निघालेला, टेंडर भरायला निघालेला, शेवटच्या चार दिवसांत येतो. आता स्वस्तवाला काउंटरवर उभा आहे. त्याला सीट द्यायची की राखायची? जुन्या प्रवासांवरून अंदाज काढतात. समजा महाग तिकिटाचा पंचविसावा गिऱ्हाईक येण्याची शक्यता ४० टक्के आहे. ६,००० चे ४० टक्के म्हणजे २,४००. हातातल्या २,२०० पेक्षा जास्त, म्हणून ती सीट राखायची. सव्विसावा येण्याची शक्यता ३५ टक्के, म्हणजे २,१००. इथं हातातले २,२०० बरे. म्हणून २५ राखल्या, ४५ स्वस्तात सोडल्या. हा हिशेब बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीच्या लिटलवूड यांनी १९७२ मध्ये मांडला, आजच्या सॉफ्टवेअरच्या मुळाशी तोच आहे.

आता दोनाऐवजी दहा-बारा दर करा. प्रत्येक पायरीला वरच्यांसाठी राखण वाढत जाते आणि तळाला थोड्याच उरतात. गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात तर महाग गिऱ्हाईकांचा अंदाजच वाढतो. मग ४५ च्या जागी ५ राहतात, किंवा शून्य. कोणी त्या विकत घेऊन संपवलेल्या नसतात, उघडलेल्याच नसतात.

एकच दर ठेवून बघितलंय लोकांनी. अमेरिकेत पीपल एक्सप्रेस सरसकट स्वस्त विकायची. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं तसाच स्वस्त दर काढला, पण ठराविक सीटांना आणि आगाऊ बुकिंगच्या अटीवर. उरलेल्या जुन्या दरात. दोन वर्षांच्या आत पीपल एक्सप्रेस दुसऱ्याच्या पोटात गेली.

गड्डा_जत्रा
म्हणजे गरिबाची कंपनी मेली आणि तुम्ही टाळ्या वाजवालाव.

चाटीगल्ली
टाळ्या नाही, हिशेब. तुमच्या भाषेत सांगायचं तर ६,००० वाला नसता तर २,२०० चा दर निघालाच नसता.

गड्डा_जत्रा
हे प्रत्येक ट्रॅव्हल्सवाला पण म्हणतो. शब्दशः.

होटगीरोड
आणि अंदाज चुकला की? २५ राखल्या आणि १० च आले, तर पंधरा रिकाम्या उडाल्या. तेव्हा शेवटच्या आठवड्यात दर खाली येतात. म्हणून भाकरींचं ‘नेहमीच’ चुकीचं.

कडक_भाकरी
बरं, ‘बहुतेक वेळा’. खूश?

सातरस्ता_४१३
तुमचं भांडण चालू असताना मी बसून करून बघितलं. चारला ५,४८०. तीनला पण ५,४८०. दोनला ४,३५०. म्हणजे दोनच होत्या. दोन-दोन केलं तर ८,७०० अधिक १०,९६०, १९,६६० झाले. २,२६० वाचले म्हणायचे. पण माझा प्रश्न जागेवर आहे: ‘या दरात २ सीटा’ एवढं लिहायला कंपनीच्या बापाचं काय जातं?

नवी_पेठ_तिकीटवाला
पैसे भरण्याआधी थांबा. पोरं लहान असतील तर दोन्ही पोरांचं एकत्र बुकिंग करू नका. बारा वर्षांखालच्याला एकट्यानं सिस्टीम घेत नाही, आणि घेतलं तर विमानतळावर अडतं. प्रत्येक बुकिंगमध्ये एक मोठा, एक पोर. पीएनआर दोन झाले, म्हणजे विमानाची वेळ बदलली तर कंपनीला तुम्ही एक कुटुंब आहात हे माहीत नसतं. एकाला सकाळचं, एकाला रात्रीचं मिळू शकतं. फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांत नोंदवून घ्या. आणि स्वस्तातलं आधी काढा. महागातलं आधी काढलंत आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणी L मधल्या दोन उचलल्या तर सगळा उपद्व्याप फुकट.

चाटीगल्ली
‘२ सीटा’ काही साईट लिहितात. पण एकत्र दर दाखवणाऱ्या साईटवरचा आकडा बऱ्याचदा काही मिनिटं शिळा असतो. पेमेंटला गेलं की ‘दर बदलला’ येतं, आणि लोक परत कुकीजला शिव्या देतात.

गड्डा_जत्रा
म्हणजे लिहिलं तरी खरं नाही, आणि नाही लिहिलं तर माणूस मूर्ख. वा.

सातरस्ता_४१३
काढली. पहिली दोन ४,३५० ला. दुसऱ्या दोनला आत्ता ५,९१० दाखवालंय. तिकीटवाले, हे काय?

नवी_पेठ_तिकीटवाला
मघाच्या उदाहरणात L च्या दोन गेल्यावर K मध्ये चार राहिल्या होत्या. तुम्हाला चौघांना ५,४८० दाखवत होतं, म्हणजे तुमच्या दोन गेल्यावर त्या दरात निदान दोन उरायला हव्या होत्या. तेवढ्या वेळात कोणीतरी घेतल्या असतील. दहा-पंधरा मिनिटं थांबून परत बघा. कोणी पेमेंट अर्धवट सोडलं असेल तर त्या सीटा परत येतात. नाही आल्या तर ५,९१० ला घ्या. एकूण २०,५२० होतात, तरी २१,९२० पेक्षा कमीच.

गड्डा_जत्रा
ट्रॅव्हल्सनं गेला असता तर एव्हाना मोहोळ ओलांडलं असतं.