मदत हवी आहे : घारे डोळे, पिवळसर गोरा वर्ण आणि बरेच पांढरे केस, तर शेड वॉर्म घ्यावी की कूल?

शेवंती
नमस्कार. माझे वय ४७ असून मी पुण्यात राहते. वर्ण गोरा, पण त्यात पिवळसर झाक आहे. डोळे घारे आहेत. बाहुलीभोवती मधाच्या रंगाचे वलय आणि कडेला राखाडी-हिरवट रंग. केस मुळात काळ्याकडे झुकणारे तपकिरी असून आता त्यांतला अंदाजे तिसरा हिस्सा पांढरा झाला आहे आणि हा पांढरेपणा कानशिलांवर अधिक दिसतो. पूर्वी मी मेहंदी लावत असे. ती बंद केली असली तरी टोकांना तिचा लालसरपणा अजून आहे.

पार्लरमधील बाई बर्गंडी सुचवतात, तर बहिणीच्या मते अ‍ॅश ब्राऊनच मला शोभेल. मनगटावरच्या शिरा पाहून अंडरटोन ओळखावा असे वाचले होते, परंतु माझ्या काही शिरा निळ्या आणि काही हिरव्या दिसतात. माझा वर्ण वॉर्म समजावा की कूल, आणि डोळ्यांचा रंग या निवडीत कितपत धरावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नीलपर्ण
शिरांची चाचणी बरोबरच आहे. निळ्या शिरा असल्यास कूल आणि हिरव्या असल्यास वॉर्म. तुमच्या दोन्ही दिसत असल्या तरी डोळ्यांत राखाडी रंग आहे, त्यामुळे तुम्ही कूलच असणार. निःशंकपणे अ‍ॅश घ्या, ५.१ असा क्रमांक पाहा. दशांश चिन्हानंतरचा १ म्हणजे अ‍ॅश.

वेणीफणी
मी नाशिकला केस रंगवण्याचेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्रमांकाबद्दल नीलपर्ण यांनी लिहिलेले बहुतेक कंपन्यांना लागू पडते. आधीचा आकडा केस किती गडद हे सांगतो, १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. नंतरचा आकडा झाक सांगतो. शिरांचे मात्र मला पटत नाही. शीर किती खोल आहे आणि वरच्या त्वचेत पिवळेपणा किती आहे, यावर ती निळी दिसते की हिरवी हे ठरते. आपल्याकडच्या गव्हाळ किंवा पिवळसर वर्णावर एकाच मनगटात दोन्ही रंग दिसणे अगदी नेहमीचे आहे, आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

शेवंतीताई, त्यापेक्षा कापडाची परीक्षा करा. सकाळी दहानंतर, थेट ऊन येत नसलेल्या खिडकीशी आरसा घेऊन बसा आणि घरातले दिवे बंद ठेवा, कारण पिवळ्या बल्बखाली प्रत्येकजण वॉर्म दिसतो. चेहऱ्यावर काहीही लावू नका. केस पांढऱ्या टॉवेलने पूर्ण झाकून घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग मेहंदीच्या टोकांची तांबूस झाक गालावर पडून निकाल चुकतो. त्यानंतर हनुवटीखाली आधी शुभ्र पांढरे आणि मग मोतिया रंगाचे कापड धरा. दुसऱ्या जोडीत राणी आणि गाजरी रंग घ्या. कापड सुंदर दिसते की नाही याकडे लक्ष न देता डोळ्यांखालची वर्तुळे, नाकपुडीच्या कडा आणि जबड्याची रेषा पाहा. न जुळणाऱ्या रंगाने या तीन जागा मळकट दिसू लागतात. फोनवर फोटो काढून ठरवू नका, कारण कॅमेरा रंगांची बेरीज-वजाबाकी आपल्या मनाने करत असतो.

अण्णा_ठाणेकर
चर्चा चांगली चालली आहे. माझा प्रश्नही याच स्वरूपाचा आहे. मिशी पूर्ण पांढरी असल्यामुळे मी गडद तपकिरी रंग लावतो, परंतु पंधरवड्यात ती तांबूस होते आणि घरची मंडळी हसतात. माझा वर्ण सावळा आहे. मीसुद्धा कूल शेड घ्यावी का? तसे पाहता शेवंतीताईंनी पुन्हा मेहंदीच सुरू केली, तर रसायनांचा प्रश्नच मिटेल असे वाटते.

वेणीफणी
अण्णा, मिशीसाठी स्वतंत्र धागा काढलात तर तिथे लिहीन. तरी तुमच्या उदाहरणातून शेवंतीताईंना एक उपयोगाची गोष्ट सांगता येते. काळ्या केसात स्वतःचे लाल-नारिंगी रंगद्रव्य असते, तर पांढऱ्या केसात ते नसते, त्यामुळे तिथे ट्यूबमधला रंग जसाच्या तसा उघडा पडतो आणि पुढे उतरू लागला की तेही लगेच कळते. अर्थात एकच ट्यूब एकाच डोक्यावर दोन रंग देते. ५.१ ही शेड शेवंतीताईंच्या काळसर केसांवर जवळजवळ दिसणारच नाही, कानशिलांवर मात्र निळसर राखाडी येईल. बर्गंडीचेही तेच: मागच्या केसांवर उन्हात जेमतेम झाक, आणि कपाळाच्या कडेला वांग्याचा रंग. खोक्यावरच्या मॉडेलचे केस आधी फिकट केलेले असतात, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

म्हणून वॉर्म की कूल हा प्रश्न तुमच्या बाबतीत मुख्यतः त्या पांढऱ्या केसांचा आहे.

मेहंदीबद्दल एवढेच सांगते, की ती पांढऱ्या केसांवर नारिंगीच येते. तिथे छटा निवडायला वावच नसतो.

शेवंती
आपण सांगितल्याप्रमाणे कापडे धरून पाहिली, पण निकालाने गोंधळ वाढला. शुभ्र पांढऱ्या कापडाने जबड्यापाशी हिरवट-पिवळी छाया आली आणि वर्तुळे गडद झाली. मोतियाने चेहरा निवळला. यावरून मी वॉर्म ठरते. परंतु राणी आणि गाजरी यांत राणी रंगच चांगला दिसला आणि गाजरीने चेहरा कावीळ झाल्यासारखा वाटला. यावरून मी कूल ठरते. आता काय समजावे?

नीलपर्ण
मग शुभ्र पांढऱ्याच्या वेळी प्रकाश कमी असावा. राणी रंग शोभतो म्हणजे कूलच.

वेणीफणी
प्रकाशाचा दोष वाटत नाही. जबड्यापाशी हिरवट छाया येणे ही ऑलिव्ह वर्णाची खूण आहे, आणि या वर्णाचे लोक वॉर्म-कूलच्या दोन खणांत नीट बसत नाहीत. पिवळेपणामुळे त्यांना सर्रास वॉर्म म्हटले जाते आणि मग तांबडा-सोनेरी रंग लावला, की चेहऱ्यातला पिवळा आणखी उठतो; तुमच्या गाजरी कापडाने नेमके हेच दाखवले. उलट, निव्वळ अ‍ॅशने त्यांच्यातला हिरवट-करडेपणा वर येतो, आणि पांढऱ्या कापडाने तो इशारा दिला आहे. अशा वर्णाला मधली, किंचित सोन्याकडे झुकणारी तपकिरी शेड मी देते.

तुमच्यासाठी मी ५.० दोन भाग आणि ५.३ एक भाग घेतले असते, म्हणजे ६० ग्रॅम रंगात ४० आणि २०. ५.० ही साधी तपकिरी शेड पांढरा केस झाकते, आणि ५.३ मधले थोडे सोने डोळ्यांतल्या मधाळ वलयाशी जुळते. डोळ्यांचा विचार मी इतकाच करते. वर्ण आधी, डोळे नंतर. डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्क्यांचा घ्यावा. ३० चा घेतला तर तुमचे मूळचे केस अधिक उघडतील आणि त्यांच्यातला नारिंगी बाहेर येईल, जो आपल्याला नको आहे. डेव्हलपरचे प्रमाण कंपनीगणिक बदलते, त्यामुळे ते ट्यूबसोबतच्या पत्रकाप्रमाणेच ठेवावे. सुरुवात कानशिलांपासून करावी, कारण तिथले केस रंग लवकर धरत नाहीत.

सगळ्या डोक्यावर लावण्याआधी कानाजवळची एक बट रंगवून पाहा, ज्यात मुळाशी पांढरे आणि टोकाला मेहंदी दोन्ही असतील. त्याच सुमारास कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहावी. खाज किंवा पुरळ आले तर हा बेतच सोडून द्यावा.

कुंचला
मी चित्रकलेचा शिक्षक आहे, केसांतला जाणकार नाही. तरीही डोळ्यांना इतके गौण स्थान देणे मला पटत नाही. गोब्लँ येथील गालिचांच्या कारखान्यात रंगविभाग सांभाळणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याला आढळले की दोष धाग्याच्या रंगात नसून शेजारच्या रंगांत आहे. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप कसे पालटतात, यावर त्याने १८३९ साली सविस्तर लिहिले. त्याच न्यायाने हिरव्याला लाल शेजार मिळाला की हिरवा उठून दिसतो. शेवंतीताईंच्या डोळ्यांची कडा हिरवट आहे. चेहऱ्यालगतच्या केसांत थोडी लालसर तपकिरी, म्हणजे महोगनीची झाक असेल, तर त्यांचे डोळे आहेत त्याहून हिरवे भासतील. सोनेरी झाकेने तेवढे साधणार नाही.

वेणीफणी
सर, तत्त्व मान्य आहे, पण लाल शेजाराने हिरवे उठते ते फक्त डोळ्यांतलेच नव्हे. जबड्याची हिरवट छायाही त्याच नियमाने उठेल. शिवाय महोगनी पांढऱ्या केसावर जांभळट येते आणि लाल रंग धुण्यात सर्वांत लवकर उतरतो.

कुंचला
जबडा केसांपासून दूर ठेवता येतो. केस मागे बांधले की प्रश्न उरत नाही. डोळे मात्र कपाळावरच्या बटांच्या अगदी जवळ असतात. शेवंतीताईंनी दोन बटा करून पाहाव्यात असे मी सुचवेन.

शेवंती
४८ तासांत हातावर काही उमटले नाही, म्हणून दोन्ही कानांजवळ एकेक बट रंगवली. उजवीकडे वेणीफणीताईंचे मिश्रण, डावीकडे ५.० मध्ये तेवढ्याच प्रमाणात ५.५, म्हणजे महोगनी.

उजवी बट आजूबाजूच्या केसांत मिसळून गेली आहे. मुळाशी पांढरे कुठे होते हे शोधावे लागते, आणि टोकाची मेहंदी किंचित शांत झाली आहे. चेहरा स्वच्छ वाटतो, पण डोळ्यांत विशेष फरक नाही. डाव्या बटेने डोळे खरोखरच हिरवे दिसतात. बहिणीनेही न विचारता तसे म्हटले. मात्र मुळाशी जांभळट पट्टा आला आहे आणि त्या बाजूच्या गालावरचा वांगाचा डाग अधिक ठळक भासतो. केस मागे बांधून पाहिले तरी तो डाग तसाच उठून दिसला. दोन्हींतले चांगले एकत्र आणता येईल का?

वेणीफणी
काही अंशी येईल. सगळ्या मुळांना उजव्या बटेचेच मिश्रण लावा. महोगनी हवीच असेल तर ती कपाळाजवळच्या काळसर केसांतल्या बारीक बटांवर, पांढरा केस टाळून घ्यावी लागेल. तिथे ती फारच मंद दिसेल, कारण केस आधी फिकट केल्याशिवाय ती उघडणार नाही, आणि फिकट करण्याचा सल्ला मी मेहंदी चढलेल्या केसांवर देत नाही. बाजारातल्या कित्येक तयार मेहंद्यांत काय मिसळलेले असते हे कळत नाही. धातूचे क्षार असले तर ब्लीच लागताच केस गरम होऊन तुटू शकतो.

तूर्त दोन्ही बटा तशाच ठेवून नेहमीच्या शाम्पूने तीन आठवडे धुवा आणि पुन्हा त्याच खिडकीशी पाहा. रंग उतरताना दोन्ही बटा आजच्यापेक्षा वॉर्म होतील. उजवी तेव्हा गाजरी कापडासारखा परिणाम देऊ लागली, तर ५.३ चे प्रमाण २० ग्रॅमवरून १० वर आणायचे आणि तेवढी ५.० वाढवायची.

कुंचला
डावी बटही तीन आठवड्यांनी पाहावी. जांभळट पट्टा उतरून लालसर तपकिरी तेवढी उरली, तर माझा मुद्दा अजून बाद झालेला नाही.