मदत हवी आहे: दिंडीची भिशी वाढल्याचा निरोप कसा लिहावा?

आळंदी ते पंढरपूर आमच्या दिंडीची भिशी यंदा माणशी २५०० वरून ३२०० रुपये करावी लागतेय. ट्रकभाडं, टँकर आणि गॅस यांचाच खर्च वाढलाय. शिधा बहुतेक देणगीतून येतो, त्यामुळे पंगतीत काटकसर करूनही उपयोग नाही. मागच्या वर्षीचा जमाखर्च निरोपासोबत जोडतोय. विणेकरी, मृदंगवादकांना भिशी नाही, फलटणपासून चालणाऱ्यांना निम्मी. दोन हप्तेही चालतील.

अडतंय एकाच ओळीवर. ‘गरजूंना सवलत’ असं लिहून पाहिलं, तर वयस्कर माउलींपैकी कुणीच विचारलं नाही; उलट एकदोघींनी यंदा जमणार नाही म्हणून कळवलं. त्या आल्याच पाहिजेत. पुरावा न मागता, यादीत वेगळी खूण न करता सवलत त्यांच्यापर्यंत पोचेल, अशी ओळ कशी लिहावी?