आधी शिकवणं की आधी आयसीयू?

परदेशात जाऊ पाहणाऱ्या बऱ्याच नर्सेस म्हणतात, "आधी नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करून कॉलेजात शिकवते, परदेशाचं नंतर बघू."

हा क्रम मला उलटा वाटतो. आयसीयूतून शिकवण्याकडे कधीही वळता येतं, पण चार-पाच वर्षं वर्गात काढल्यावर परत बेडसाइडला येणं अवघड जातं. परदेशातल्या भरतीत शेवटची वर्षं वॉर्डात गेली की नाही हे बारकाईने पाहतात, आणि तिथे मुलाखतीत डिग्री फारशी कामी येत नाही. माझ्या मैत्रिणीला विचारलं होतं, "व्हेंटिलेटरचा हाय प्रेशर अलार्म वाजला, आधी काय कराल?" तिने मशीनपासून सुरुवात केली नाही. आधी पेशंटकडे बघेन म्हणाली: छाती दोन्ही बाजूंनी हलते का, सॅच्युरेशन किती, ट्यूब चावली किंवा दुमडली आहे का, सक्शन लागेल का. तरी सॅच्युरेशन पडतच असेल तर व्हेंटिलेटर काढून अँबू बॅग आणि डॉक्टरांना हाक. हे हाताला लागलेलं असावं लागतं.

अनुभवपत्राकडे मात्र बहुतेक जणी दुर्लक्ष करतात. नुसतं 'स्टाफ नर्स' लिहून घेऊ नका. युनिटचा प्रकार, बेड किती, एका नर्सकडे पेशंट किती, व्हेंटिलेटर आणि आर्टेरियल लाइन हाताळल्याचा उल्लेख, सगळं नोकरी सोडण्यापूर्वीच मिळवा. नंतर एचआर फोनही उचलत नाही! इंग्लंडला जायचं असेल तर एक लक्षात ठेवा: एम.एस्सी. असली तरी ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा द्यावीच लागते, आणि सुरुवात बहुधा बँड ५ या पगारश्रेणीवरच होते.