मदत हवी आहे: बिल हातात आहे, पण GSTR-2B मध्ये नाही

मार्च 2025 ची खरेदी आहे, 2,00,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 36,000 रुपयांचं क्रेडिट अडकलंय. बिलावर खरेदीदाराचा जीएसटीआयएन बरोबर आहे आणि पैसेही बँकेतून दिलेत. पुरवठादाराने मात्र ते बिल आपल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे GSTR-1 मध्ये, B2C खाली, नोंदणी नसलेल्या ग्राहकाला केलेली विक्री म्हणून दाखवलं. कर सरकारकडे गेला, पण कोणाच्या नावाने गेला याची नोंदच नाही. 2B ही खरेदीदाराला पोर्टलवर दिसणारी क्रेडिटची यादी, तिच्यात बिल दिसत नाही तोवर क्रेडिट घेता येत नाही, मग कागद कितीही पक्के असोत.

हे क्रेडिट घ्यायची मुदत 30 नोव्हेंबर 2025. पुरवठादार तिमाही रिटर्न भरतो, त्याचं पुढचं GSTR-1 जानेवारीत, म्हणजे तोवर सगळं संपलेलं. म्हणून मार्ग ऑक्टोबरच्या IFF चाच दिसतो, तिमाही रिटर्नवाल्यांना मधल्या महिन्यांत बिलं दाखवायची ती सोय: 13 नोव्हेंबरपर्यंत जुन्याच क्रमांक-तारखेने बिल B2B मध्ये, म्हणजे नोंदणीकृत खरेदीदाराच्या नावावर टाकायचं, 14 ला ते 2B मध्ये येईल, आणि 20 तारखेच्या 3B या मासिक रिटर्नमध्ये क्रेडिट घ्यायचं.

अडचण अशी, की B2C ची रक्कम कमी करायची सोय IFF मध्ये नाही. ती दुरुस्ती जानेवारीत केली तर चालते का? मधल्या काळात एकच विक्री दोनदा दिसते म्हणून पुरवठादार कचरतोय, आणि त्याची भीती रास्त आहे. कोणी असं प्रत्यक्ष केलंय का?

बिल, वाहतूक पावती, बँकेचा उतारा एकत्र लावून ठेवलेत. 31 डिसेंबर 2031 पर्यंत जपायचेच आहेत.