केस वाढवून बुचडा: मधले झिपरे महिने कसे काढलेत? अनुभव लिहा

धागाकर्ता: सात महिने कात्री लावलेली नाही. पुढची बट नाकाच्या शेंड्यापर्यंत येते, कानांवरचे केस फेंदारतात, मागचे कॉलरवर वळतात. बांधायला गेलं की पुढचे सगळे निसटतात. हा टप्पा ज्यांनी पार केलाय त्यांनी कसा केला?

सांगलीकर: अजिबात कात्री न लावणं, इथेच चुकतंय. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. मानेवरच्यांना कॉलर जवळ, पण कपाळावरच्यांना पार टाळूपर्यंत मागे जायचं असतं. म्हणून मागचे आधी लोंबतात आणि माणूस गबाळा दिसतो. मी दर सहा-सात आठवड्यांनी सलूनमध्ये जाऊन सांगायचो, "मानेवरचे नि कानामागचे तेवढे कमी करा, वरच्यांना हात नको." एकदा सांगायचं राहिलं आणि कारागिराने विरळ करायच्या कात्रीने वरचे केस हलके केले. ते तुटके केस पुढे चार महिने बुचड्यातून उभे राहात होते. दोन इंचांपासून सुरुवात केली होती. नवव्या महिन्यात फक्त वरच्या केसांचा अर्धा बुचडा बसला, चौदाव्यात पूर्ण. तुमची बट ओठांखाली आली की अर्धा बांधून बघा.

माडाचं_तेल: दर महिन्याला टोकं कापा, वाढ दुप्पट होते. मला फरक दिसला. रात्री खोबरेल हवंच.

सांगलीकर: वाढ मुळाशी होते, टोकाला कापून वेग बदलत नाही. पण दुभंगलेली टोकं गेली की गुंता कमी होतो, केस कमी तुटतात. तुम्हाला दिसलेला फरक तो असावा.

कुरळा: माझे केस खाली येतच नाहीत, बाजूला फुलतात. ओले असताना ओढून मोजले तर लांबी भरपूर, वाळले की निम्मी. मला पूर्ण बुचड्याला दोन वर्षं लागली. मधल्या काळात कापडी पट्टा लावून काढले. कोरड्या केसांत कंगवा घालणं सोडलं, तेव्हा कुठे आवरले.

आई_नाशिकची: माझ्या मुलाचे केस फार गळतात, कोंडाही आहे. कोणता शांपू?

रोज_हेल्मेट: ताई, त्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मी उशिरा गेलो. नीटनेटकं दिसावं म्हणून साध्या रबराने रोज घट्ट बांधायचो. संध्याकाळी कानशिलं दुखायची, मुळाशी बारीक पुटकुळ्या यायच्या; मी दुर्लक्ष केलं. तीन वर्षांत दोन्ही बाजूंची केसांची रेषा मागे सरकली. कापडी रबर, सैल गाठ आणि घरी मोकळे केस, एवढ्यावर उजवीकडचे बरेचसे परत आले. डावीकडे अजून विरळ आहेत. हेल्मेट घालताना बुचडा सोडून मानेपाशी बांधतो, नाहीतर हेल्मेट नीट बसतच नाही.

धागाकर्ता: शनिवारी मागचे कमी करून घेतो. आणखी एक: मार्चमध्ये बहिणीचं लग्न आहे. फेटा बांधायचा तर बुचडा आत बसेल का?

कुरळा: माझा टाळूवर होता, फेटा वर उचलला गेला. सोडावा लागला.

सांगलीकर: मानेपाशी बांधून पाहिला नाही का? मला तरी अडचण आली नव्हती, पण माझे केस सरळ आहेत.