मदत हवी आहे: जिनिंगच्या आगीचा प्रसंग नुसता लालभडक होतोय

बोरीकाठ: कथेचा शेवट जळगावजवळच्या जिनिंगमध्ये आहे. रात्री रुईच्या ढिगाला आग लागते, मग वेल्डिंगचा गॅस सिलेंडर फुटतो. नायिका फाटकाशी, शेडपासून १७० मीटरवर. मी लिहिलंय: "क्षणात सगळीकडे आगीचं तांडव माजलं. ठिणग्या उडाल्या, प्रचंड स्फोट झाला." वाचणाऱ्यांना काही दिसतच नाही म्हणे.

चाळीसगावचा: रंग नेमका द्या. आग जितकी तापलेली तितकी निळी. रुईच्या ज्वाळा निळ्या दाखवा.

जुना_फिटर: रंगाचं हे गणित तापलेल्या लोखंडाला बरंचसं लागू पडतं, रुईला नाही. तिची ज्वाळा पिवळी, कारण आत काजळीचे कण तापून उजळतात.

घोळ 'सगळीकडे' या शब्दात आहे. कापसातला खडा किंवा खिळा यंत्राच्या लोखंडावर घासतो, ठिणगी पडते आणि धुमसती रुई हवेच्या नळातून ढिगात पोचते. तिथे आधी ज्वाळा नसते. पांढऱ्यावर तपकिरी डाग आणि जळक्या कापडाचा वास, एवढंच. मग वरच्या मोकळ्या तंतूंवरून जाळ सरसर धावतो, छपराच्या कैच्यांवर साचलेला रुईचा फुफाटा पेटतो. ढीग मात्र आतून धुमसतच राहतो. जाळाला अशी वाट दिलीत की आकार आपोआप येतो.

नाट्यवेडा_धुळे: गणपतीत बसवताय का? पंख्यावर सॅटिनच्या पट्ट्या आणि खालून लाल दिवा लावा. खरा जाळ मंडपात नको.

बोरीकाठ: नाटक नाही भो, कथा आहे. फिटरदादा, स्फोटाचं सांगा ना.

जुना_फिटर: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे तुमच्या नायिकेला उजेड आधी दिसेल, धडाका अर्ध्या सेकंदाने. त्या अर्ध्या सेकंदात तिला काहीतरी बघू द्या, म्हणजे पत्र्याचं छप्पर मधून फुगलेलं, पण आवाज नाही. मग धडाका, फाटकाची खडखड. त्यानंतर लगेच संपवू नका. सेकंदाला ३० मीटर वेगाने सरळ वर गेलेला लोखंडी तुकडा तीन सेकंद चढतो, तीन सेकंद उतरतो. त्या सहा सेकंदांत माणूस पळतो किंवा मान वर करून उभा राहतो. पत्रा गिरक्या घेत मागून पडतो. जळती रुई सगळ्यात शेवटी, लाल ठिपक्यांसारखी तरंगत येते. तिला 'ठिणगी' म्हणू नका. लोखंडाची ठिणगी सरळ, पांढरट रेघ मारते आणि लगेच विझते.

बोरीकाठ: पुन्हा लिहिलं: "छप्पर फुगलं. आवाज आला नव्हता. मग फाटक थरथरलं. वर गेलेलं खाली यायला वेळ होता, म्हणून ती अजून बघतच होती. एक पत्रा तिच्या पायाशी आदळला."

चाळीसगावचा: पत्रा १७० मीटर येईल?

जुना_फिटर: मला तरी पटत नाही. पत्र्याला हवा अडवते, तो शेडजवळच पडेल. पायाशी रुईचा जळता पुंजका पडू द्या, तोही वारा फाटकाकडे असेल तरच.

बोरीकाठ: मग वारा आधीच्या पानावर आणावा लागेल. पण पत्रा सोडवत नाहीये. नायिकेला शेडजवळ नेलं तर?

जुना_फिटर: मग तो अर्धा सेकंद जातो. दोन्ही मिळणार नाही.